तेज झाकायचे, की वेळ साधायची?



लष्करी नोकरीमुळे चिनी मजकूर आणि त्याची इंग्रजी भाषांतरे बरीच वाचावी लागली. त्यात सर्वांत जास्त घोटाळा कुठे होतो, तर चार अक्षरांच्या वाक्प्रचारांत. चिनी भाषेत त्यांना 'छंग-यू' म्हणतात. चार अक्षरे म्हणजे साधारणपणे चार शब्द. त्यांत बहुधा कर्ता नसतो, काळ नसतो, 'आम्ही' की 'त्यांनी' हेही नसते. पुष्कळदा त्यांच्यामागे एखादी जुनी गोष्ट किंवा चित्र असते. भाषांतर करणाऱ्यापुढे प्रश्न असा, की ते चित्र ठेवायचे की सरळ अर्थ सांगायचा?

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. 'श्योंग यौ छंग चू.' शब्दशः अर्थ, छातीत पूर्ण बांबू असणे. अकराव्या शतकात वन थुंग नावाचा चित्रकार बांबूची चित्रे काढण्यात नावाजलेला होता. कागदाला कुंचला लावण्याआधीच सबंध बांबू त्याच्या मनात तयार असे. त्यावरून अर्थ झाला, काम हाती घेण्यापूर्वी त्याचा पूर्ण आराखडा मनात असणे, आणि त्यातून येणारा आत्मविश्वास. आता एखाद्या बातमीत हा वाक्प्रचार क्रिकेटच्या नव्हे, टेबल टेनिसच्या प्रशिक्षकाबद्दल आला आणि आपण 'त्यांच्या छातीत बांबू होता' असे लिहिले, तर वाचक त्यांना दवाखान्यात न्यायला निघेल. बोलणाऱ्या चिनी माणसाच्याही डोळ्यांसमोर त्या क्षणी बांबू नसतो. म्हणून इथे बेलाशक अर्थ सांगावा: 'त्यांचा आराखडा पक्का होता, ते निश्चिंत होते.' चित्रकलेवरच्या लेखात मात्र बांबू ठेवावा, कारण तिथे विषयच तो आहे.

दुसरे उदाहरण सैनिकांच्या जवळचे आहे. 'फो फू छन चौ', म्हणजे हंडे फोडा, होड्या बुडवा. इ.स.पू. २०७ मध्ये श्यांग यू या सेनापतीने छिन साम्राज्याच्या फौजेशी लढण्यासाठी नदी ओलांडली. पलीकडे जाताच त्याने होड्या बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या आणि फक्त तीन दिवसांचा शिधा जवळ ठेवला. जिंका, नाहीतर मरा. हे चित्र मराठीत स्वतःच्या पायावर उभे राहते, समजवावे लागत नाही.

पण आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: परतीचे दोर कापणे. मोह होणारच. चालू घडामोडींच्या मजकुरात, एखाद्या कंपनीने जुना धंदा विकून सगळे भांडवल नव्यात घातले अशा संदर्भात, तो खुशाल वापरावा. श्यांग यूच्या इतिहासात मात्र वापरू नये. दोर म्हटले की मराठी वाचक सिंहगडावर पोहोचतो. शिवाय आपल्या कथेत दोर कापले जातात ते तानाजी पडल्यावर, पळू लागलेल्या मावळ्यांना थोपवण्यासाठी. श्यांग यूने लढाई सुरू होण्याआधी, ठरवून होड्या बुडवल्या. एक संकटातला निर्णय, दुसरा आधीच आखलेला डाव. इंग्रजीत 'होड्या जाळणे' चालते, पण 'पूल जाळणे' लिहिले तर आज पुष्कळांना त्याचा अर्थ संबंध बिघडवणे असा वाटेल. जवळचा वाक्प्रचार मिळाला म्हणजे अर्थ मिळाला, असे नाही.

आता आजचे मुख्य प्रकरण. 'थाओ क्वांग यांग ह्वेइ.' थाओ म्हणजे मूळचे धनुष्याचे किंवा तलवारीचे आवरण, त्यावरून झाकणे. क्वांग म्हणजे तेज. यांग म्हणजे जोपासणे. ह्वेइ म्हणजे अंधार, अप्रसिद्धी. तेज झाका, अंधार जोपासा. दोन जोड्या आहेत आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात: नजरेत भरू नका.

१९८९ नंतर चीनवर पाश्चात्त्य देशांचे निर्बंध आले, पाठोपाठ सोव्हिएत संघ कोसळला. त्या काळातल्या डेंग शियाओपिंग यांच्या परराष्ट्र धोरणाशी हे शब्द जोडले गेले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या चीनविषयक वार्षिक अहवालांत त्यांचे इंग्रजी असे झाले: 'हाइड अवर केपेबिलिटीज अँड बाइड अवर टाइम'. म्हणजे आपली क्षमता लपवा आणि योग्य वेळेची वाट पाहा.

शब्दाला शब्द लावून पाहा. 'आपली' मुळात नाही. तेजाची 'क्षमता' झाली, आणि लष्करी अहवालात क्षमता म्हटले की क्षेपणास्त्रे आठवतात. सर्वांत मोठा बदल शेवटी आहे. 'वेळ' हा शब्द चार अक्षरांत कुठेच नाही. एकच गोष्ट दोनदा सांगणारी जोडी होती, तिची आधी लपा आणि मग झडप घाला अशी दोन पावले झाली. निवृत्त चिनी जनरल श्योंग क्वांगखाय यांनी या भाषांतरावर लेख लिहून आक्षेप घेतला, तो याच मुद्द्यावर.

मग इंग्रजी भाषांतर निव्वळ बनाव होते का? तसेही नाही. 'तीन राज्ये' या प्रसिद्ध चिनी कादंबरीत लियू पेइ हा महत्त्वाकांक्षी सरदार छाओ छाओच्या संशयातून वाचण्यासाठी परसात भाजी लावतो आणि स्वतः पाणी घालतो. त्या डावाला तिथे याच वाक्प्रचारातली दोन अक्षरे, थाओ आणि ह्वेइ, वापरली आहेत. म्हणजे संधीची वाट पाहणारा माणूस या शब्दांच्या पोटात मावतो. त्याचबरोबर राजकारणाला कंटाळून गावी जाऊन बसलेला विद्वानही मावतो. चार अक्षरे दोघांपैकी एकाची निवड करत नाहीत. इंग्रजी भाषांतराने ती केली आणि वाचकाला सांगितले नाही.

मराठीत काय लिहाल? 'दबा धरून बसणे' लिहिले तर तीच निवड होते. 'तलवार म्यान करणे' मूळ अक्षराच्या जवळचे वाटते, पण त्याचा अर्थ भांडण सोडणे, म्हणजे उलट टोक. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' तर सर्वांत फसवी. त्या मुठीत बहुधा काही नसते म्हणून ती झाकायची असते, आणि इथे जे आहे ते झाकायचे आहे. 'निमूटपणे बळ वाढवणे' हा अर्थ सुटसुटीत दिसतो, पण यांग या क्रियापदाचे कर्म बळ नाही, अंधार आहे.

म्हणून मी इथे चित्र ठेवीन: 'आपले तेज झाकून अंधारात राहणे', आणि पुढे एका वाक्यात सांगीन की हे शब्द माघार घेतलेल्यालाही लागू पडतात आणि संधी शोधणाऱ्यालाही. बोलणाऱ्याचा हेतू कोणता, हे त्याच्या बाकीच्या भाषणावरून आणि कृतीवरून ठरवायचे. ते काम विश्लेषकाचे आहे. भाषांतरकाराने ते गुपचूप उरकू नये.

यातून माझी कामचलाऊ पद्धत अशी. बोलणाऱ्यालाच चित्र दिसत नसेल, तर अर्थ सांगा. चित्र न समजावता उभे राहत असेल, तर ठेवा. आणि अर्थाबद्दलच वाद असेल, तर ठेवाच, कारण अर्थ सांगणे म्हणजे त्या वादात एका बाजूने निकाल देणे.

तपासणीही सोपी आहे. आपले भाषांतर चिनी न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, 'हा बोलणारा पुढे काय करणार असे वाटते?' तो ठामपणे उत्तर देऊ लागला, तर मुळाकडे परत जा आणि तो ठामपणा कोणत्या अक्षरात आहे ते शोधा. सापडला नाही, तर तो आपण घातलेला आहे. काढून टाका.