दोन स्टार दिले, पण कशाला?

आज बोलूया ओपीडीच्या फीडबॅक फॉर्मवर. समजा, साजगावच्या एक काकू सरकारी दवाखान्यात गेल्या. ९:१० ला केसपेपर काढला, ११:४० ला डॉक्टरांनी तपासलं, १२:०५ ला औषधं हातात पडली. बाहेर कुणीतरी विचारलं, "सेवा कशी वाटली?" काकूंनी दिले दोन स्टार. आता दवाखान्याने नक्की काय सुधारायचं?

केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या 'मेरा अस्पताल'मध्ये असमाधानाचं कारण विचारतात. त्यात कर्मचाऱ्यांची वागणूक आणि उपचारांचा दर्जा हे पर्याय वेगवेगळे आहेत. पण दवाखान्याला दुरुस्ती करायची तर आणखी खोलात जायला हवं. मी प्रश्न असे तीन गटांत मांडेन.

पहिला, वेळ. "फार थांबावं लागलं का?" असं विचारू नका, कंटाळलेल्या माणसाला अर्धा तासही दोन तासांसारखा वाटतो. केसपेपरवरच तीन वेळा लिहा: नोंदणी, तपासणी, औषध. काकूंचे अडीच तास डॉक्टरांच्या दाराशी गेले, औषधाच्या खिडकीवर फक्त पंचवीस मिनिटं. पेशंटला एवढंच विचारा: "किती वेळ लागेल, हे कुणी सांगितलं का?"

दुसरा, वागणूक. "डॉक्टर आणि सिस्टर नीट बोलले का?" हे एका वाक्यात दोन प्रश्न झाले. सिस्टर छान बोलल्या आणि डॉक्टर खेकसले, तर उत्तर काय द्यायचं? म्हणून केसपेपरची खिडकी, सिस्टर, डॉक्टर, औषधाची खिडकी, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. "तुमचं बोलणं मध्येच तोडलं का?" असं घडलेलं विचारा.

तिसरा, उपचार समजले का. "समजलं का?" म्हटलं की सगळे मान डोलावतात. त्यापेक्षा म्हणा, "ही गोळी कधी घ्यायची, किती दिवस, आणि परत कधी यायचं, ते मला सांगा." उत्तर चिठ्ठीशी ताडून बरोबर की चूक ते लिहा. चूक असेल तर तिथेच नीट समजावून सांगा.

आता हे गट खरंच वेगळे झाले का, ते कसं ओळखायचं? नोंदवलेल्या वेळेनुसार कमी थांबलेले आणि जास्त थांबलेले, असे दोन ढीग करा. जास्त थांबलेल्यांनी चारही ठिकाणच्या वागणुकीला सारखेच कमी गुण दिले असतील, तर बहुधा थांबण्याचा राग सगळीकडे सांडलाय. फक्त एकाच खिडकीचे गुण दोन्ही ढिगांत कमी असतील, तर दुखणं त्या खिडकीचं आहे.

दोन गोष्टी सांभाळा. प्रश्न औषधं घेतल्यावर, गेटजवळ, दवाखान्याबाहेरच्या माणसाने विचारावेत. सिस्टरसमोर सिस्टरची तक्रार कोण करणार? आणि कंटाळून न तपासताच निघून गेलेले पेशंट या फॉर्ममध्ये येतच नाहीत. त्यांची संख्या नोंदणी आणि तपासणी यांच्या फरकातून काढा. नाहीतर सगळ्यात जास्त वैतागलेली माणसंच हिशोबातून गळतील.

भेटू पुढच्या भागात.