जिनमधली बचत कुणाच्या पदरी?

(नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



यंत्राने उत्पादनखर्च घटला की लाभ कारखानदाराचा होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. विदर्भात हे तपासायला अर्थशास्त्राचे ग्रंथ चाळण्याची गरज नाही, हिंगणघाट किंवा वणीचा जिनिंग व्यवसाय पाहिला तरी पुरे.

एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, उरते ती बहुतांशी सरकी. 170 किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. जुन्या जिनमध्ये हा कापूस रेजा टोपल्यांनी वाहून यंत्रात टाकत. पुढे हवेच्या नळीने कापूस ओढून आपोआप यंत्रात सोडणारी व्यवस्था आली. 2000 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत अशा आधुनिकीकरणाला अनुदानही मिळाले. मजुरी वाचली, कचरा घटला. (त्या रेजांचे काय झाले, हा हिशेब कोणत्याच ताळेबंदात सापडत नाही.)

आता सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. जुन्या जिनला एका गाठीमागे चालू खर्च 1000 रुपये आणि भांडवलाचा भार 100, म्हणजे एकूण 1100 रुपये पडतात. बाजारातली प्रक्रियेची मजुरीही तेवढीच आहे. नव्या जिनला चालू खर्च 600 आणि कर्जाचा हप्ता-व्याज धरून 200, असे 800 रुपये पडतात. पहिला धाडसी मालक दर तोच ठेवतो आणि गाठीमागे 300 रुपये खिशात घालतो. या टप्प्यावर ग्राहकाला काहीच मिळत नाही.

परंतु हे 300 रुपये शेजाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. दुसरा, तिसरा, चौथा नवा जिन उभा राहतो. तालुक्यातला कापूस मात्र तेवढाच! तो मिळवण्यासाठी बाजार समितीच्या लिलावात प्रत्येक जण थोडी चढी बोली लावतो. रुईचा भाव देशी-विदेशी गिरण्यांच्या मागणीवर ठरतो आणि सरकीचा भाव तेल-पेंडीच्या बाजारात. दोन्ही तालुक्याच्या हाती नाहीत. म्हणून जिनचे मार्जिन घटते तेव्हा ती रक्कम कापसाच्या भावात जाते. जिनिंगसेवेचा खरा ग्राहक इथे शेतकरीच ठरतो. मार्जिन 1000 च्या खाली गेले की जुन्या जिनचा चालू खर्चही निघत नाही आणि तो कुलूप लावतो. नव्यांचा प्रवेश मात्र मार्जिन 800 वर येईपर्यंत थांबत नाही. तेव्हा संपूर्ण 300 रुपये, म्हणजे क्विंटलमागे 60 रुपये, शेतकऱ्याकडे गेलेले असतात. मालकाला उरतो तो केवळ भांडवलावरचा रास्त परतावा.

गाडी 800 वरच थांबेल, याची मात्र खात्री नाही. हंगाम जेमतेम पाच-सहा महिन्यांचा. गरजेपेक्षा अधिक जिन उभे राहिले आणि प्रत्येकाला निम्माच कापूस मिळाला, तर हप्त्याचा भार गाठीमागे 200 चा 400 होतो, आणि खर्च पुन्हा 1000 वर! तरीही यंत्र बंद ठेवण्यापेक्षा 600 च्या वर जे मिळेल ते बरे, म्हणून मालक चालवत राहतो. शेतकऱ्याला चार दिवस बरा भाव मिळतो, बँकेचे हप्ते मात्र थकतात. पुढे काही जिन बंद पडतात आणि मार्जिन पुन्हा वर चढते.

हे सारे स्पर्धा असेल तरच घडते. महाराष्ट्रात 1972 पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. त्या काळात खरेदीदार एकच. लिलावात चढाओढ नसल्यामुळे जिनची बचत भावात उतरण्याचा मार्गच बंद होता. 2002 नंतर खासगी खरेदीला वाट मिळाली, तेव्हा हा मार्ग खुला झाला. आजही भाव हमीभावाखाली गेला आणि भारतीय कापूस महामंडळ खरेदीला उतरले, की शेतकऱ्याचा भाव ठरलेला असतो. तेव्हा जिनमधली स्पर्धा महामंडळाचा प्रक्रिया खर्च घटवते, शेतकऱ्याचा भाव वाढवत नाही. आणि ज्या भागात एकच जिन आहे, तिथे बचत मालकाकडेच मुक्काम करते.

आपल्या तालुक्यात काय चालले आहे, हे घरबसल्या पाहता येते. 34 किलो रुईची त्या दिवशीची किंमत घ्यावी, त्यात सुमारे 64 किलो सरकीची मिळवावी, आणि त्यातून क्विंटलभर कापसाचा बाजारभाव वजा करावा. उरते ते क्विंटलमागचे मार्जिन, त्याला पाचने गुणले की गाठीचे. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. ओला कापूस असेल तर उतारा घटतो आणि मार्जिन फुगलेले दिसते. पण चार-पाच हंगामांचे आकडे शेजारी मांडले आणि नवे जिन उभे राहूनही ही रक्कम खाली येत नसेल, तर लिलावात बोली खरोखर स्वतंत्रपणे लागतात का, हे बाजार समितीच्या संचालकांना विचारावे.