जाताना वारा पाठीशी, येताना समोर

मागे कोकणात मी किनाऱ्यावरून ड्रोन उडवला. जाताना वारा पाठीशी, म्हणून मजेत लांब गेला. परत वळवला तेव्हा बॅटरी 60 टक्के होती, पण वारा आता समोरून! उतरला तेव्हा उरली 8.

तेव्हापासून प्लॅन ठरलेला: आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि 50 टक्क्यांना परत फिरायचं. घाई नसली की शॉटही स्मूद येतो. सिने मोड लावा, एका वेळी एकच स्टिक हळू ढकला.

आणि हो, निघण्याआधी घरीच डिजिटल स्कायचा नकाशा बघा. हिरव्या झोनमध्ये 400 फुटांपर्यंत उड्डाणाची परवानगी लागत नाही. पिवळ्या आणि लाल झोनमध्ये लागते. संरक्षित किल्ला असेल, तर पुरातत्त्व खात्याला वेगळं विचारा.