कूलरच्या आवाजात पंधरा मिनिटं

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘विवाहसंस्था आणि जात’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, विवाहसंस्था राहू द्या, मी पोह्यांवर बोलते. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरात सध्या बायोडाटा फिरतोय. ज्यांच्या घरात फिरत नाही, त्यांच्या मामाच्या मोबाइलमध्ये नक्की आहे.

बघण्याच्या कार्यक्रमाला आपण ‘दोन अनोळखी माणसांची भेट’ म्हणतो. पण नीट बघा, अनोळखी असतं काय? मुलगा येण्याआधी त्याचं गाव, मामाचं गाव, वडिलांची नोकरी, शेत किती, घर स्वतःचं की भाड्याचं हे सगळं कळलेलं असतं. मध्यस्थानं पहिल्याच फोनवर ‘आपल्यातलेच ना?’ विचारून घेतलेलं असतं. आपल्या बौद्ध घरांतही हा प्रश्न जात नाही, फक्त जरा हळू आवाजात विचारला जातो. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, त्यात जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असं मांडलं. भारत मानव विकास सर्वेक्षणात 2011-12 साली आंतरजातीय लग्नांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे जातीला जे माहीत हवं, ते पोहे परतायच्या आधीच माहीत असतं. त्या दोघांना जे माहीत हवं, ते मात्र कुणीच विचारलेलं नसतं. त्यासाठी ‘पोरांना थोडं बोलू द्या’ म्हणून पंधरा मिनिटं मिळतात. मला आज त्या पंधरा मिनिटांबद्दल बोलायचंय.

माझंच सांगते. गेल्या मे महिन्यात, नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात. मी हैदराबादला पीएच.डी. करते. मुलगा मूळचा परभणीचा, रायपूरला बँकेत अधिकारी. तो, त्याचे आईवडील, काका आणि मध्यस्थ मामा असे पाच जण आले. मी ट्रे घेऊन गेले. काकांनी विचारलं, ‘पूर्ण नाव सांग बाळा.’ नाव बायोडाटात होतं, आणि तो कागद त्यांच्या हातातच होता. पण तो प्रश्न नावासाठी नसतोच. मुलगी अडखळते का, आवाज कसा आहे, मान किती खाली घालते, ते बघायचं असतं. चार वर्षं मी इतरांच्या मुलाखती घेतेय, तरी स्वतःचं नाव सांगताना घसा कोरडा पडला.

मुलाची अवस्था माझ्याहून वाईट होती. त्यानं बशीत बरोबर दोन शेंगदाणे शिल्लक ठेवले होते. नंतर त्यानंच कारण सांगितलं. आई म्हणाली होती, सगळं संपवलंस तर हावरट दिसशील, जास्त टाकलंस तर माजोरडा.

मग आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. दार अर्धं उघडं. दारात पहारा म्हणून मावशीचा सात वर्षांचा मुलगा, हातात मोबाइल. खोलीत कूलर, आणि त्याचा आवाज असा की पिठाची गिरणी बरी.

‘तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.’

‘नाही, तुम्ही विचारा.’

‘नाही नाही, तुम्हीच.’

यात दोन मिनिटं गेली. मग त्यानं छंद विचारले. मी ‘वाचन’ म्हटलं, तो ‘प्रवास’ म्हणाला. प्रवास म्हणजे रायपूर ते परभणी, वर्षातून दोनदा, स्लीपरनं.

ही छंदांची देवाणघेवाण आपण सिनेमातून उचललीय. आपल्यासारख्यांचे खरे प्रश्न वेगळे असतात. घरातला पहिला पगार आपला असतो आणि लग्नाआधीच त्याचे चार वाटेकरी ठरलेले असतात. म्हणून मी सरळ सांगितलं, ओरडूनच, कारण कूलर: ‘मला फेलोशिपचे बेचाळीस हजार मिळतात, तेही कधी कधी तीन महिने अडकतात. त्यातले बारा हजार भावाच्या फीसाठी घरी जातात. लग्नानंतरही जातील.’

बाहेर चहाचे कप वाजायचे थांबले.

तो आधी गप्प बसला. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्याच बायोडाटाच्या मागे आकडे लिहिले. हातात येतात अठ्ठावन्न हजार. बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता आठ हजार सातशे, अजून अडतीस महिने. घरी पंधरा हजार. खोली आणि जेवण चौदा हजार. उरले वीस हजार तीनशे. बायोडाटात ‘पगार सत्तर हजार’ लिहिलं होतं, तो कपातीच्या आधीचा. तो आकडा मामांनी घातल्याचं त्यानंच सांगितलं. त्या कागदानंतर आम्ही दोघंही खुर्चीत जरा सैल बसलो.

समोरचा स्वतःचं बोलतोय की पढवलेलं, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. ‘घरचे म्हणतील तसं’ हे उत्तर एकदा आलं तर संकोच समजावा. नोकरी, पैसे, राहायचं कुठे, तिन्हींवर तेच आलं तर लग्नानंतरही निर्णय घरचेच घेणार, हे धरून चालावं. आमच्यात ते एकदाच आलं, मूल कधी या प्रश्नावर. आणि ते मी म्हटलं होतं. माझंही सगळंच ठरलेलं होतं असं नाही.

मग मी विचारलं, ‘तुमच्या घरात कुणी जातीबाहेर लग्न केलंय?’

तो म्हणाला, ‘चुलत बहिणीनं. मुलगा मातंग. सहा वर्षं झाली, घरात तिचं नाव कुणी काढत नाही.’

‘आणि तुम्ही?’

तो उत्तर द्यायला लागला आणि नेमकी लाइट गेली. कूलर बंद. त्याचा आवाज मात्र अजून कूलरच्याच पट्टीत होता. ‘मी जातो ताईकडे, परभणीला आलो की दरवेळी जातो, घरी माहीत नाही!’

दोन्ही खोल्यांत शांतता. पहाऱ्यावरच्या पोरानंसुद्धा मोबाइलवरून मान वर केली. काका म्हणजे त्या ताईचेच वडील, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते उठून बाहेर अंगणात गेले. थोड्या वेळानं त्याच्या आईचा आवाज आला, ‘कशी आहे रे ती?’

‘बरी आहे,’ तो आतूनच म्हणाला. ‘मुलगी पहिलीत जाते.’

पुढे कुणाला काही सुचेना. माझ्या आईनं पुन्हा चहा टाकला. काका आत आले, तेव्हा त्यांनी तो घेतला. बोलले काही नाहीत.

पंधरा मिनिटांत राग कसा आहे, पिण्याचं काय, हे कळत नाही. म्हणून मी दुसरी भेट मागितली, घराबाहेर. मध्यस्थ मामांना ते आवडलं नाही. ‘दोनदा बघायला ती काय जमीन आहे?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘जमिनीचा सातबारा तरी बघता ना मामा?’ भेट झाली, बसस्टँडजवळच्या हॉटेलात, दीड तास. या वेळी पोहे त्यानं संपवले.

आता तुमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न दिसतोय. नाही जमलं. त्याची पुढची बदली कुठे होईल ते त्याच्या हातात नव्हतं आणि माझं क्षेत्रकार्य अजून दीड वर्ष हैदराबादलाच आहे. ‘थांबू का?’ असं त्यानं विचारलं होतं. तेवढा काळ त्याच्या घरचे थांबणार नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. नकार मी दिला, आणि फोन करून स्वतः दिला. मामा आजही चिडलेत. आपल्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे ‘पत्रिका जुळली नाही’ म्हणायचीही सोय नाही. त्यांनी सगळीकडे सांगितलंय, ‘मुलीला इतक्यात करायचं नाही.’ खरं कारण बदलीचं होतं, तेच सांगा असं मी त्यांना दोनदा म्हटलं. ते म्हणतात, असलं कारण कुणी सांगतं का?