रिकाम्या ट्रंकेचा आवाज



मी आयुष्यभर श्रुतिका लिहिल्या, म्हणून मला इथं बोलावलं आहे. तेव्हा बोलेन ते श्रुतिकेबद्दलच, आणि त्यातही एकाच प्रसंगाबद्दल. आई वारल्यावर भाऊबहीण गावच्या घरी येतात, माळ्यावरची तिची पत्र्याची ट्रंक उघडतात, आणि ती रिकामी निघते. रंगमंचावर याला एक क्षण पुरतो. नटी झाकण उचलते, आत बघते, प्रेक्षकांना कळतं. पण ऐकणाऱ्याला ना ट्रंक दिसते, ना तिचा चेहरा. त्याच्यासाठी हे लिहायचं कसं?

मी पहिल्यांदा लिहिलं ते असं : "अरे देवा! दादा, ही ट्रंक तर रिकामी आहे. आईच्या सोन्याच्या पाटल्या इथं नाहीत!" आमच्या निर्मात्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे ती कुणाला सांगतेय?" मी म्हटलं, भावाला. "भाऊ कुठाय?" शेजारीच उभा आहे. "मग त्याला दिसत नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहीण सुमन ते वाक्य दादाला सांगतच नव्हती. ती ते श्रोत्याला सांगत होती, आणि श्रोत्याला हे लगेच ऐकू येतं. पात्रं एकमेकांशी बोलायची थांबून आपल्याशी बोलू लागली, की ती खोली नाहीशी होते आणि कागद वाचणारे दोन आवाज उरतात.

ही अडचण या कलेच्या जन्मापासूनची आहे. खास नभोवाणीसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात, ते रिचर्ड ह्यूज यांचं 'अ कॉमेडी ऑफ डेंजर' १५ जानेवारी १९२४ ला बीबीसीवरून सादर झालं. ह्यूजनी ते वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत घडवलं आणि सुरुवातीलाच तिथले दिवे घालवले. आता पात्रांनाही काही दिसत नव्हतं. "तू कुठे आहेस?" हा प्रश्न ती एकमेकांना खरोखरच विचारत होती. आत अडकलेल्या तिघांत एक तरुण, एक तरुणी आणि एक म्हातारा. अंधारातही कोण बोलतंय हे चुकू नये, असे ते तीन गळे आहेत. अर्थात आपल्याला प्रत्येक नाटकात दिवे घालवता येत नाहीत. पण त्यातून एक गोष्ट घेता येते : श्रोत्याला जी माहिती द्यायची, तिची गरज आधी पात्राला पडली पाहिजे.

आता माझ्या ट्रंकेकडे येतो. निर्मात्यांनी मला पत्र्याचा एक डबा आणायला लावला. त्यात तांदूळ भरून त्यांनी वर थाप मारली : थप्. मग तांदूळ काढून तशीच थाप मारली : टण्. "रिकामेपणाला आवाज असतो," ते म्हणाले, "पण भरलेला आवाज आधी ऐकला असेल तरच तो कळतो." म्हणजे मी शेवटच्या पानावर अडलो होतो आणि दुरुस्ती पहिल्या पानावर करायची होती.

म्हणून मी पहिल्या पानावर आई आणली. सुमन बारा वर्षांची आहे. मायलेकी ट्रंक फरशीवरून ओढताहेत. "हळू गं सुमे, उंबरा लागेल." दोघींचे श्वास, पत्र्याचा जड, लांबट खरखराट. मग आई झाकण उघडते. बिजागरी कुरकुरते. "ह्या पाटल्या तुझ्या लग्नात तुझ्या हातात घालायच्यात मला." पाटल्या एकमेकींवर वाजतात, गोधड्यांत जाऊन आवाज दबतो. झाकण, कुलूप, आणि आई वरून थाप मारते : थप्. शेवटी किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला जातो आणि तिच्या पावलांबरोबर वाजत दूर जातो.

यात मुख्य आवाजांआधी शब्द आहे, हे बघा. नुसता खरखराट कशाचाही असू शकतो. कानाला आवाज ऐकू येतो, वस्तू ऐकू येत नाही. आधी शब्द कानाला सांगतो की कशाची वाट बघायची, मग आवाज येतो, मग पात्र त्यावर काही करतं. पण एकदा ओळख झाली की शब्द काढून घ्यायचा. पुढे जुडगा वाजला की आई आली हे श्रोता न सांगता ओळखतो. आई वारल्यानंतर तोच जुडगा सुमनच्या हातात वाजतो, तेव्हा तिथं एकही वाक्य लागत नाही.

दुसरं बळ आपल्याला मराठी क्रियापदांनी दिलं आहे. "मी येते" म्हटलं की बाई आहे हे कळलं. कोल्हापूरकडची बाई "मी येतो" म्हणाली, तर गावही कळलं. "अहो, ऐकलंत का" मध्ये नातं आलं. आणि भूतकाळात आपलं क्रियापद वस्तूबरोबरही बदलतं. पत्र असेल तर ठेवलं, ट्रंक असेल तर ठेवली, पाटल्या असतील तर ठेवल्या. वस्तूचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलता येतं. लेखकानं ही सोय वापरायची सोडून "ही बघ माझ्या हातातली जुनी लाल वही" असं का लिहावं?

तिसरी गोष्ट पावसाची. माझ्या या प्रसंगात पाऊस होता, आणि तो मी संहितेत एका शब्दात लिहिला होता : 'पाऊस'. इफेक्ट्सवाल्यांनी पावसाची ध्वनिफीत लावली. घरी ऐकणारी माझी बहीण म्हणाली, "भाऊबहीण आल्याबरोबर भजी तळायला कोण बसलं?" पाऊस, तळण आणि जळतं गवत हे कानाला सख्खे भाऊ आहेत. पाऊस स्वतः आवाज करत नाही. ज्यावर पडतो ते आवाज करतं. तेव्हापासून मी 'पाऊस' असं लिहीत नाही. 'कौलांवर पाऊस, पन्हळीतून धार खाली दगडावर' असं लिहितो. त्यात घर आलं, छप्पर आलं, आपण आत आहोत हेही आलं.

मात्र हौस वाढली की उलटी चूक होते. नंतरच्या खर्ड्यात मी पावसाबरोबर रातकिडे, घड्याळ, कुत्रं आणि दूरची एसटीही घातली. श्रोता गोंधळला, कारण डोळा नको ते गाळतो, पण माइकवरून आलेला प्रत्येक आवाज कानाला मुद्दाम दिल्यासारखा वाटतो. कुत्रं भुंकलं की कुणी आलं असणार, म्हणून तो वाट बघत बसतो. मी आता प्रत्येक प्रसंगात एक सलग आवाज ठेवतो, आणि त्यावर एका वेळी एकच घडणारा आवाज. बाकीच्यांवर काट मारून बघतो. काढल्यावर काही अडलं नाही, तर तो कधी लागतच नव्हता.

सलग आवाजाचा खरा उपयोग शांततेसाठी होतो. सगळेच आवाज बंद झाले की ऐकणाऱ्याला वाटतं, प्रक्षेपण बिघडलं किंवा फोन बंद पडला. शांतता हवी असेल तर काहीतरी चालू असावं लागतं आणि मग ते थांबावं लागतं. माझ्या प्रसंगात पन्हळीची धार चालू राहते आणि माणसं थांबतात.

गप्प पात्राचीही काळजी घ्यावी लागते. रंगमंचावर गप्प उभा असलेला माणूस दिसत राहतो. श्रुतिकेत तो चारपाच वाक्यं बोलला नाही तर तिथून उठून गेला. माझ्या प्रसंगात शेजारचे अप्पा दारात बसलेले आहेत आणि त्यांना बोलायचं नाही, कारण पाटल्यांचं काय झालं ते त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांना अडकित्ता दिला. सुपारी कातरल्याचा आवाज माइकपासून दूर, मधूनमधून येत राहतो. संहितेत 'दूर' असं लिहिलं नसेल तर नट माइकसमोर येऊन बसतो आणि दारातला म्हातारा थेट ट्रंकेत बसल्यासारखा ऐकू येतो. माइकपासूनचं अंतर हेच श्रुतिकेचं नेपथ्य आहे. ते लेखकानं लिहायचं असतं.

आता शेवटचं पान सांगतो. कौलांवर पाऊस, पन्हळीची धार. दूर अडकित्ता. दादा म्हणतो, "जड असेल, थांब, मी धरतो." सुमन म्हणते, "मला सवय आहे." ती जोर लावायला श्वास घेते, आणि पत्रा फरशीवरून खळकन, भलत्याच सहज सरकतो. इथं श्रोत्याला तिच्या आधी शंका येते. जुडगा वाजतो. कुलूप. तीच बिजागरी. तिचा हात तळाला लागतो : टण्. अडकित्ता थांबतो. फक्त धार. मग सुमनचा एकच शब्द, माइकच्या अगदी जवळ : "गेल्या."

'पाटल्या', 'रिकामी', 'आई', 'सोनं', यातला एकही शब्द त्या पानावर उरला नाही. अडकित्ता थांबल्यामुळे अप्पांना माहीत होतं हेही कळलं, आणि पुढचा प्रसंग त्यांच्यावर गेला.

तुम्ही लिहिलेलं उतरलं की नाही हे तपासायची रीत सोपी आहे. संहिता न वाचलेल्या माणसाला पाठमोरं बसवा, ऐकवा, आणि कागदावर खोली काढायला सांगा. दार कुठे, कोण बसलंय, कोण उभं आहे. तो जिथं चुकेल तिथं तुमची संहिता चुकली आहे. हल्ली मी हे फोनच्या छोट्या स्पीकरवरही करतो. ढगांचा खालच्या पट्टीतला गडगडाट त्यातून येतच नाही. ज्यावर कथा उभी आहे तो आवाज त्या स्पीकरमधून जाणारा हवा. पत्र्याचा 'टण्' जातो.

आमची तपासणी मात्र न ठरवताच झाली. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सामानातली खरी ट्रंक आणली होती. पहिल्या प्रसंगाला तिच्यात गोधड्या भरल्या, शेवटच्याला काढल्या. काचेपलीकडचे ध्वनिमुद्रक त्या दिवशी बदली म्हणून आले होते. त्यांनी संहिता वाचलेली नव्हती, आणि त्यांची नजर पूर्ण वेळ मीटरच्या काट्यावर होती. "गेल्या" झालं, धार हळूहळू विरली, निर्मात्यांनी हात खाली केला. तेवढ्यात स्पीकरमधून त्या गृहस्थांचा आवाज आला :

"कुणी नेल्या हो?"

'नेलं' नाही, 'नेली' नाही. 'नेल्या'. निर्मात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते पान उलटलं.