चहातलं दूध आणि चमच्यातली साखर



मी हृदयरोगाचा डॉक्टर. रुग्ण मला विचारतात, ‘डॉक्टर, दूध घातलं की चहातले गुण मरतात म्हणे. मग कोरा पिऊ का?’ साखरेचं मात्र कुणी विचारत नाही.

आधी दुधाचं सांगतो. ही शंका निराधार नाही. 2007 साली बर्लिनमध्ये 16 निरोगी स्त्रियांना अर्धा लिटर काळा चहा दिला आणि दोन तासांनी हाताची रक्तवाहिनी किती सैल होते ते सोनोग्राफीनं मोजलं. कोऱ्या चहानं ती छान फुलली. साय काढलेलं दूध दहा टक्के घातल्यावर तो परिणाम उरला नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या कॅटेचिनना धरून ठेवतं, असं त्याचं कारण सांगितलं गेलं.

पण धरून ठेवणं म्हणजे नष्ट करणं नव्हे. जत्रेत आई पोरांचे हात घट्ट धरते. कुणी मोकळी फिरणारी पोरंच मोजली, तर म्हणेल, पोरं हरवली! हरवलेली नसतात, आईजवळ असतात, आणि घरी पोचल्यावर ती हात सोडते. इथे घर म्हणजे आपलं आतडं. तिथे केसीन पचतं. दुसऱ्या एका प्रयोगात चहा पिणाऱ्यांच्या रक्तातली कॅटेचिन मोजली, तेव्हा दुधामुळे ती कमी झालेली दिसली नाहीत. बर्लिनची मोजणी खोटी नाही. पण ती थोड्या जणींची, एका रक्तवाहिनीची, काही तासांची. हार्ट अटॅक त्यात कुणी मोजला नव्हता.

ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांची माहिती वर्षानुवर्षं पाहिली गेली. रोज दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं कमी दिसलं, दूध घालणाऱ्यांतही. चहामुळेच ते कमी झालं, असं यावरून सिद्ध होत नाही. शिवाय तिकडे कपात दुधाची एक धार पडते. आपण निम्मं दूध घालून उकळतो. तिथला निष्कर्ष आपल्या पातेल्यात जसाच्या तसा ओतू नका.

आता माझा मुद्दा, कान देऊन ऐका. कपाला दोन चमचे साखर, चमच्यात चार ग्रॅम धरा. चार कपांची झाली बत्तीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असलेली बरी. म्हणजे जेवणाआधीच, नुसत्या चहावर, आपण हद्द ओलांडली! गूळ घातला म्हणून सुटका नाही, तोही याच हिशेबात येतो.

पुन्हा सांगतो, भांडण दुधाशी नाही, साखरेशी आहे. आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. आलं, वेलची वाढवा. त्यांनी हृदय बरं होतं म्हणून नव्हे, फिका चहा गोड मानून घ्यायला जिभेला मदत होते म्हणून. आणि ताई, पाहुण्याला ‘साखर किती?’ असं विचारण्यात कसला आलाय कंजूषपणा?

चहाबरोबरच्या खारीबद्दल आणि बटरबद्दलही बोलायचं होतं, पण वेळ संपल्याचा समोरचा दिवा लागला. तेवढ्यात एकच, दूध राहू द्या, साखर...