अभिनंदनाच्या चार ओळी

फौजेतून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षं मी बडोद्यात सुरक्षारक्षक पुरवणारी एक छोटी एजन्सी चालवतो. आज त्या धंद्यातलीच एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या हातातलं सर्वांत मोठं काम दुसऱ्या एजन्सीला गेलं, आणि त्या एजन्सीच्या मालकाला मी अभिनंदनाचा निरोप पाठवला. निरोप चार ओळींचा होता, पण तो लिहायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांबद्दल बोलतो.

आधी काम कसलं होतं ते सांगतो. एक मोठं खासगी रुग्णालय. अठरा ठिकाणी चोवीस तास पहारा. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर चोपन्न रक्षक होतात. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची म्हणजे दर सहा माणसांमागे एक बदली माणूस, आमच्या भाषेत रिलीव्हर, लागतो. असे नऊ. एकूण त्रेसष्ट. सहा वर्षं ते काम आमच्याकडे होतं. कराराची मुदत संपली, नवे दर मागवले आणि ते काम ज्यांना मिळालं त्यांना मी इथे नुसतं भाई म्हणतो. ते फौजेतले नाहीत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बापजाद्यांपासून व्यापारी.

आमच्या धंद्यात किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय हे सगळ्यांना सारखंच. स्पर्धा होते ती त्यावर आपण जो सर्व्हिस चार्ज लावतो त्याची. मी आठ टक्के लावला होता, त्यांनी साडेसहा. एका रक्षकाचा महिन्याचा खर्च वीस हजार धरा. दीड टक्क्याचे तीनशे रुपये. त्रेसष्ट रक्षकांचे महिन्याला 18,900, आणि दोन वर्षांच्या कराराचे 4,53,600. रुग्णालयाने तो फरक पाहिला. त्यात चूक काय?

मंगळवारी मला तोंडी कळलं. त्याच रात्री मी भाईंना फोन करणार होतो, पण थांबलो. थांबायचं कारण मोठेपणाचं नव्हतं, व्यवहाराचं होतं. वर्क ऑर्डर हातात पडेपर्यंत वाटाघाटी चालू असतात. अशा वेळी दर भरलेल्या दोन एजन्सीचे मालक आपसात बोलत असतील तर ते कोणालाही संशयास्पदच वाटणार. स्पर्धा कायदा, 2002 मध्ये निविदेतल्या संगनमताला स्वच्छ मनाई आहे. शिवाय मला स्वतःशी एक गोष्ट ठरवायची होती. निकालावर हरकत घ्यायची आहे का? घ्यायची असेल तर आधी हरकत घ्यायची, अभिनंदन नाही. आज हार घालायचा आणि उद्या तक्रारअर्ज द्यायचा, हे जमत नाही. मी आपले आणि निविदेचे कागद पुन्हा वाचले. हरकतीला जागा नव्हती. शुक्रवारी त्यांना वर्क ऑर्डर मिळाल्याचं पक्कं कळलं.

मात्र मसुदा मी मंगळवारी रात्रीच लिहून ठेवला होता. आमचं बोलणं हिंदीत चालतं, इथे मराठीत सांगतो. तो असा होता: ‘हार्दिक अभिनंदन! अखेर मिळवलंत. या दरात एवढी मोठी साइट सांभाळणं सोपं नाही, पण तुम्ही नक्की कराल. सहा वर्षांत आम्ही घडी नीट बसवून दिली आहे, त्यामुळे तुम्हाला त्रास होणार नाही. काही अडलं तर निःसंकोच विचारा.’

मला तो अगदी दिलदार वाटला होता. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, “अहो, हे अभिनंदन आहे की नोटीस?”

मग मी एकेक शब्द तपासायला बसलो. ‘अखेर’ म्हणजे इतकी वर्षं मिळत नव्हतं. ‘या दरात’ म्हणजे तुम्ही पाडून भाव दिलात, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘सोपं नाही, पण नक्की कराल’ यातलं ‘पण’ हे शंका ठेवण्याची जागा आहे. घडी बसवण्याचं वाक्य तर सरळच आहे, काम तुम्हाला मिळालं तरी श्रेय माझं. आणि ‘अडलं तर विचारा’! हे वाक्य मला सर्वांत चांगलं वाटत होतं, पण तेच सर्वांत वाईट होतं. न मागता देऊ केलेली मदत म्हणजे ‘तुमचं अडणार’ असं आधीच सांगून ठेवणं. एका निरोपात पाच काटे, आणि लिहिताना मला एकही दिसला नव्हता. मुद्दाम टाकलेला टोमणा आपल्याला कळतो. रागात लिहिलेलं पत्र आपण फाडून टाकतो. हे असे आपोआप येणारे काटे मात्र गोड शब्दांत गुंडाळलेले असतात, म्हणून ते निघून जातात आणि समोरच्याला बरोबर टोचतात.

दुसरा मसुदा उलट्या दिशेने घसरला. ‘आम्ही छोटी माणसं, तुमच्यापुढे काय टिकणार’ अशा थाटाचा. तोही काटाच. त्यात समोरच्याला आपली समजूत काढत बसावं लागतं. त्याच्या आनंदाच्या दिवशी त्याने आपले डोळे का पुसायचे?

तिसऱ्या वेळी मी स्वतःला विचारलं, या माणसाच्या कामातलं मला खरोखर काय आवडलेलं आहे? इथे मी बराच वेळ अडकलो, कारण प्रामाणिक उत्तर गैरसोयीचं होतं. काही महिन्यांपूर्वी एका कारखान्यात मित्राला भेटायला गेलो होतो. तिथे भाईंचे रक्षक होते. गेटवरच्या खोलीत महिन्याचं ड्युटीपत्रक लावलेलं होतं आणि त्यात रोजच्या सुट्टीवाल्यांसमोर रिलीव्हरचं नाव लिहिलेलं होतं. अशी पत्रकं सगळेच लावतात. मी तिथल्या रक्षकाला सहज विचारलं, सुट्टी खरंच मिळते का? तो म्हणाला, मिळते. आता माझ्याकडे काय चालायचं ते सांगतो. नऊ रिलीव्हर कागदावर. प्रत्यक्षात पाच-सहा. उरलेल्या जागी कोणाला तरी डबल ड्युटी, म्हणजे सलग सोळा तास. पहाटे चारला आपत्कालीन विभागाच्या दारावर सोळा तास उभा असलेला माणूस काय पहारा देणार? हे रुग्णालयाच्या लक्षात आलं नसेल असं मी स्वतःला सांगत होतो. डबल ड्युटीचे पैसे मिळतात म्हणून काही रक्षकांनाही ते हवं असतं, हे खरं आहे. पण ती माझी सबब होती, व्यवस्था नव्हे.

तर शुक्रवारी संध्याकाळी जो निरोप गेला तो असा: ‘भाई, रुग्णालयाचं काम तुम्हाला मिळाल्याचं कळलं. मनापासून अभिनंदन. तुमच्या कारखान्यातल्या साइटवर रिलीव्हरची व्यवस्था मी पाहिली आहे, ती या भागात कोणाकडे नाही. तुम्हाला आणि तुमच्या माणसांना शुभेच्छा.’

दर नाही, आमची सहा वर्षं नाहीत, पुढचं भाकीत नाही. ‘कोणाकडे नाही’ यात मीही आलो, ते वेगळं सांगायची गरज नव्हती. निरोप त्यांना एकट्यांना पाठवला. आमच्या शहरातल्या एजन्सीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे लिहिला असता तर भाईंच्या यशापेक्षा कर्नलसाहेबांच्या दिलदारीचीच चर्चा झाली असती. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर ‘अभिनंदन’ एवढंच लिहिलं.

आता खरी अडचण. माझे त्रेसष्ट रक्षक त्या साइटवर होते. एजन्सी बदलली की नवी एजन्सी बहुतेक वेळा जुनेच रक्षक घेते, कारण त्यांना जागा माहीत असते. पण घेतलंच पाहिजे असं बंधन आमच्या करारात नव्हतं. त्यांच्यासाठी शब्द टाकायचा मोह मला फार झाला. निरोपाच्या शेवटी एकच ओळ, ‘आमच्या मुलांकडे लक्ष असू द्या’. टाकली नाही. तसं केलं असतं तर वरच्या चारही ओळी त्या विनंतीची प्रस्तावना ठरल्या असत्या. ठरवलं, सोमवारपर्यंत त्यांचा फोन आला नाही तर आपण वेगळा फोन करायचा आणि उघड विनंती करायची.

फोन रविवारीच आला. भाई म्हणाले, “साहेब, मला वाटलं होतं तुम्ही रागावला असाल.” मी म्हटलं, “मंगळवारी रागावलो होतो.” ते हसले. मग त्यांनीच विचारलं, रक्षकांचं काय करताय? माझ्याकडे यादी तयार होती: प्रत्येकाचा यूएएन, ईएसआय क्रमांक, पोलीस पडताळणीची तारीख, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. सोमवारी पाठवली. त्यांनी सत्तेचाळीस ठेवले. बारा जणांना मी माझ्या दुसऱ्या साइटवर सामावून घेतलं. चौघांची सोय होऊ शकली नाही. ते चौघं मला अजून आठवतात, आणि छान निरोप लिहिल्याने ते बदललं नाही.

एक राहिलं. निरोप लेखी असतो, तो सांभाळता येतो. तोंड सांभाळणं अवघड. त्या आठवड्यात रुग्णालयाचा एक अधिकारी मला म्हणाला, “बघू, साडेसहा टक्क्यांत किती दिवस टिकतात.” मी नुसता हसलो असतो तरी ते भाईंपर्यंत होकार म्हणूनच पोचलं असतं. मी म्हटलं, “टिकतील, त्यांचं माणसांचं नियोजन माझ्यापेक्षा चांगलं आहे.” माझा सुपरवायझर शेजारी उभा होता, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शत्रूला नकाशा दिला. पण हेच वाक्य मी रक्षकांनाही सांगितलं होतं. ज्यांना उद्यापासून भाईंच्या गणवेशात उभं राहायचं आहे, त्यांच्या कानात आज विष ओतून काय मिळवायचं?

महिन्याच्या एक तारखेला सकाळी सहाला ताबा दिला. फौजेत एक तुकडी जाते, दुसरी येते, तेव्हा जाणारा येणाऱ्याला प्रत्येक चौकी चालून दाखवतो आणि येणाऱ्याने ‘घेतली’ म्हटल्याशिवाय हलत नाही. तसंच केलं. अठराही जागा आम्ही दोघं चालत फिरलो. शेवटी किल्ल्या. नोंदवहीत एकशे तेरा, मोजल्या तर एकशे बारा. तीनदा मोजल्या. माझी मान खाली. भाईंनी पेन काढलं, ‘एक मागाहून’ असं लिहिलं आणि सही केली.

ती किल्ली तिसऱ्या दिवशी सापडली, त्या सत्तेचाळीसांपैकीच एकाने परत करायला आणलेल्या आमच्या जुन्या गणवेशाच्या खिशात. मी ती स्वतः नेऊन दिली आणि तिथेच चहा घेतला.